कंपनीच्याच कमाईतून कंपनीची खरेदी

3 जुलै 2007 रोजी ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने हिल्टन हॉटेल्स विकत घेत असल्याचे जाहीर केले. शेअरमागे 47.50 डॉलर, आणि हिल्टनच्या डोक्यावरचे आधीचे कर्ज धरून एकूण किंमत सुमारे 2,600 कोटी डॉलर. त्यातले ब्लॅकस्टोनच्या फंडांतून आले ते साधारण 560 कोटी. उरलेले दोन हजार कोटींहून अधिक डॉलर बँकांकडून आणि इतर सावकारांकडून उसने घेतले होते. ते फेडण्याची जबाबदारी मात्र ब्लॅकस्टोनवर नव्हती. ती हिल्टनवर होती.

अशा व्यवहाराला लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात, व्यवसायातली माणसे नुसते एलबीओ म्हणतात. खरेदीदार फंडाला ‘स्पॉन्सर’ हे नाव आहे. स्पॉन्सर एक नवी, रिकामी कंपनी स्थापन करतो. तिच्यात थोडे स्वतःचे भांडवल घालतो आणि तिच्या नावावर मोठे कर्ज उचलतो. त्या पैशांतून जुन्या भागधारकांचे शेअर घेतले जातात आणि मग नवी व जुनी कंपनी एकत्र केली जाते. एकत्रीकरणानंतर कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच ताळेबंदावर येऊन बसते. व्यवहार फसला तर स्पॉन्सरचे घातलेले भांडवल बुडते, पण सावकार त्याच्या इतर मालमत्तेला हात लावू शकत नाहीत.

हे ऐकून सामान्य वाचकाला दोन प्रश्न पडतात. सावकार पैसे कशाच्या भरवशावर देतात? आणि स्पॉन्सर कोणती किंमत द्यायची हे कसे ठरवतो? दोन्हींचे उत्तर एकाच हिशेबात आहे. तो हिशेब समजायला अवघड नाही, फक्त तो शेवटाकडून सुरुवातीकडे करावा लागतो. नेहमीचा गुंतवणूकदार विचारतो की या कंपनीचे मोल किती. स्पॉन्सर विचारतो की पाच वर्षांनी ही विकताना माझ्या हातात किती उरेल, आणि मला वर्षाला वीस-पंचवीस टक्के परतावा हवा असेल तर त्यासाठी आज मी जास्तीत जास्त किती मोजू शकतो.

हिल्टनचा हिशेब फार पसरलेला आहे, म्हणून आधी एक छोटी, काल्पनिक कंपनी घेऊ. ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यात औषधांच्या बाटल्या आणि झाकणे बनवते असे समजा. गिऱ्हाईक ठरलेले, मागणी फार वर-खाली होत नाही, यंत्रे चांगल्या स्थितीत. एलबीओसाठी असाच धंदा शोधतात, कारण झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीची सगळी रोकड वाढीतच खर्ची पडते आणि कर्जासाठी काही उरत नाही.

या कंपनीचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, वर्षाला 10 कोटी डॉलर आहे. अशा कंपन्या बाजारात एबिटडाच्या आठपटीने विकल्या जातात, म्हणून किंमत 80 कोटी. सावकार एबिटडाच्या पाचपट कर्ज द्यायला तयार आहेत, म्हणजे 50 कोटी, आणि व्याज 8 टक्के. उरलेले 30 कोटी स्पॉन्सर घालतो. वकील, बँकर आणि सल्लागार यांची फी प्रत्यक्षात यात मिळवावी लागते. सोपे जावे म्हणून इथे ती सोडून दिली आहे.

आता पहिले वर्ष पाहू. एबिटडा पाच टक्क्यांनी वाढून 10.5 कोटी झाला. त्यातून 50 कोटींवरचे व्याज गेले 4 कोटी. घसारा 2 कोटी धरला तर करपात्र नफा उरतो 4.5 कोटी, आणि 25 टक्के दराने कर होतो सुमारे 1.1 कोटी. यंत्रांची दुरुस्ती आणि नवी यंत्रे यांवर 2 कोटी खर्च झाले. विक्री वाढली की उधारी आणि माल यांत थोडे जास्त पैसे अडकतात, त्यासाठी 30 लाख. हे सगळे वजा जाता हातात राहतात सुमारे 3.1 कोटी. हीच मुक्त रोकड, इंग्रजी पुस्तकांतला फ्री कॅश फ्लो. घसारा इथे दोनदा वेगळ्या रूपात येतो, हे नवशिक्याच्या नजरेतून निसटते. कर मोजताना तो वजा होतो, पण ती रोकड बाहेर गेलेली नसते. बाहेर जाते ती यंत्रांवर खरोखर खर्च केलेली रक्कम.

ही 3.1 कोटींची रोकड भागधारकांना वाटली जात नाही. कर्जकरारात बहुधा ‘कॅश स्वीप’ नावाची अट असते: वर्षअखेरीस उरलेल्या रोकडीतला ठरलेला हिस्सा मुद्दल फेडण्यासाठी जायलाच हवा. आपल्या उदाहरणात सगळीच रोकड तिकडे जाते असे धरू. वर्ष संपताना कर्ज 46.9 कोटींवर आलेले असते. पुढच्या वर्षी व्याज 4 कोटींऐवजी 3.75 कोटी पडते, म्हणून मुक्त रोकड वाढते, म्हणून मुद्दल आणखी वेगाने उतरते. दुसऱ्या वर्षी 3.7 कोटी फिटतात, तिसऱ्या वर्षी 4.3, चौथ्या वर्षी 5, पाचव्या वर्षी 5.7. चक्रवाढ इथे कर्जदाराच्या बाजूने काम करते. पाच वर्षांत 21.7 कोटी फिटून कर्ज 28.3 कोटी उरते.

मॉडेल बांधणाऱ्याला इथे एक बारीक अडचण येते. व्याज सरासरी कर्जावर मोजायचे म्हटले तर वर्षअखेरचे कर्ज माहीत हवे. ते कळायला मुक्त रोकड हवी. आणि मुक्त रोकड काढायला व्याज हवे. एक्सेलमध्ये हे चक्र स्वतःभोवती फिरत राहते आणि एखादी चुकीची नोंद झाली की सगळी शीट त्रुटींनी भरते. म्हणून पुष्कळ लोक, वरच्या उदाहरणाप्रमाणे, वर्षारंभीच्या कर्जावर व्याज मोजतात. उत्तरात फरक किरकोळ पडतो आणि हिशेब तपासता येतो.

पाचव्या वर्षी कंपनी विकायची वेळ आली. या विक्रीला ‘एक्झिट’ म्हणतात. एबिटडा आता 12.76 कोटी आहे. घेतली त्याच आठपटीने विकली तर 102.1 कोटी मिळतील. त्यातून राहिलेले 28.3 कोटी कर्ज चुकते केले की स्पॉन्सरच्या हाती 73.8 कोटी. त्याने घातले होते 30. म्हणजे पैसा जवळपास अडीचपट, नेमके सांगायचे तर 2.46 पट झाला. मधल्या काळात काही घातले नाही आणि काही काढले नाही, म्हणून वार्षिक परतावा, ज्याला आयआरआर म्हणतात, एका ओळीत निघतो:

```
=(73.8/30)^(1/5)-1
```

उत्तर 19.7 टक्के. हीच कंपनी कर्ज न घेता पूर्ण 80 कोटी स्वतःचे घालून घेतली असती आणि दरवर्षीची मुक्त रोकड काढून घेतली असती, तर परतावा सुमारे 13 टक्के पडला असता. मधला फरक कर्जाने निर्माण केला. कारखाना तोच, झाकणे तीच, कामगार तेच.

30 कोटींचे 73.8 कोटी झाले, म्हणजे 43.8 कोटी नफा. तो कुठून आला हे फोडून पाहिल्याशिवाय एलबीओ समजला असे म्हणता येत नाही. एबिटडा 2.76 कोटींनी वाढला आणि आठच्या पटीने त्याचे 22.1 कोटी झाले. कर्ज 21.7 कोटींनी उतरले आणि तेवढीच मालकी स्पॉन्सरकडे सरकली. साधारण निम्मा नफा धंद्याच्या वाढीतून आणि निम्मा कर्जफेडीतून. तिसराही एक स्रोत असू शकतो: घेतली त्यापेक्षा जास्त पटीने विकणे. आपल्या उदाहरणात तो मुद्दाम शून्य ठेवला आहे.

शून्य ठेवण्याला कारण आहे. ज्या पटीने कंपनी विकली जाईल ती पट स्पॉन्सरच्या हातात नसते. ती त्या वर्षीच्या बाजाराच्या, व्याजदरांच्या आणि दुसऱ्या खरेदीदाराच्या मनःस्थितीवर ठरते. आठऐवजी नऊपटीने विकली गेली तर आपल्या स्पॉन्सरचा परतावा 23.6 टक्क्यांवर जातो. सातपटीने गेली तर 15.3 टक्क्यांवर येतो. कारखान्यात पाच वर्षे राबून जे मिळवले त्यातला मोठा भाग एका आकड्याच्या हलण्याने येतो किंवा जातो. त्यामुळे कुठल्याही एलबीओ मॉडेलमध्ये विक्रीची पट खरेदीच्या पटीपेक्षा जास्त धरलेली दिसली, तर त्याचे सबळ कारण मागितले पाहिजे. कर्जफेडीतून येणारा नफा तुलनेने भरवशाचा, कारण तो दर वर्षी बँकेच्या खात्यात दिसतो. पट वाढण्यातून येणारा नफा शेवटच्या दिवसापर्यंत कागदावर असतो.

आता हिशेब उलटा फिरवू, म्हणजे मूल्यांकनाचा मुद्दा उघड होईल. पाच वर्षांनी हाती येणारे 73.8 कोटी आणि आज मिळणारे 50 कोटी कर्ज हे दोन आकडे पक्के धरा. स्पॉन्सरला 20 टक्के परतावा पुरत असेल तर तो आज 29.7 कोटी घालू शकतो, म्हणजे कंपनीला जवळपास 80 कोटी देऊ शकतो. त्याला 25 टक्के हवे असतील तर फक्त 24.2 कोटी घालता येतात, आणि किंमत येते 74.2 कोटी, एबिटडाच्या 7.4 पट. लिलावात दुसऱ्याने 80 कोटींची बोली लावली तर या स्पॉन्सरने उठून जायला हवे. प्रत्यक्षात पुष्कळ जण उठत नाहीत. ते मॉडेलमध्ये वाढीचा दर अर्ध्या टक्क्याने वाढवतात किंवा विक्रीची पट थोडी वर सरकवतात, आणि 80 कोटींतही 25 टक्के बसवून दाखवतात. चुकीच्या एलबीओंची सुरुवात बहुधा इथे, खरेदी होण्याआधीच होते.

वेळेचाही हिशेब आहे. तेच 73.8 कोटी पाचऐवजी सात वर्षांनी मिळाले तर पैसा तितकाच, 2.46 पट, पण आयआरआर 13.7 टक्क्यांवर उतरतो. म्हणून फंड दोन्ही आकडे सांगतात: किती पट आणि वर्षाला किती टक्के. त्यातला एकच सांगितला असेल तर दुसरा विचारून घ्यावा.

आणि वाईट वर्ष आले तर? समजा दुसऱ्या वर्षी एक मोठे गिऱ्हाईक सुटले आणि एबिटडा 10.5 कोटींवरून पाचव्या हिश्श्याने घसरून 8.4 कोटी झाला. व्याज 3.75 कोटी ठरलेलेच आहे. कर कमी पडतो, पण मुक्त रोकड 3.7 कोटींऐवजी 1.7 कोटींच्या आसपास येते. कंपनी बुडालेली नाही, हप्ते जात आहेत. तरी त्या दिवशी आठपटीने कंपनीची किंमत 67 कोटींच्या घरात आणि कर्ज 45 कोटी. स्पॉन्सरच्या 30 कोटींचे 22 उरले. धंदा 20 टक्क्यांनी घसरला आणि मालकाचे भांडवल त्याहून जास्त, सुमारे 27 टक्क्यांनी आटले. शिवाय कर्ज एबिटडाच्या पाचपटीहून वर गेले. करारात त्याची कमाल मर्यादा घातलेली असेल तर ती ओलांडण्याची वेळ जवळ येते, आणि ओलांडली की सावकार अटी बदलून मागू शकतात. दुसरा धोका व्याजदराचा. ही कर्जे बहुधा तरत्या दराची असतात. दर 8 चा 11 टक्के झाला तर पहिल्याच वर्षाची मुक्त रोकड 3.1 कोटींवरून 2 कोटींपेक्षा खाली येते. हे नुसते कल्पनेतले नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च 2022 पासून जुलै 2023 पर्यंत आपला दर शून्याजवळून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेला, आणि स्वस्त कर्जावर आखलेली अनेक मॉडेल्स त्या काळात पुन्हा मांडावी लागली. त्यात 2017 च्या करकायद्याने अमेरिकेत व्याजाची वजावट किती घेता येईल यावरही मर्यादा आणली आहे. वरच्या उदाहरणात सगळे व्याज वजा धरले, ते तिथे आज जसेच्या तसे चालणार नाही.

आता हिल्टन. वरच्या कंपनीत कर्ज किमतीच्या 62 टक्क्यांच्या आसपास होते. हिल्टनमध्ये ते जवळपास चार-पंचमांश. खरेदी ऑक्टोबर 2007 मध्ये पूर्ण झाली आणि वर्षभरात लेहमन ब्रदर्स बुडाली. कंपन्यांनी प्रवास थांबवले, हॉटेलांच्या खोल्या ओस पडल्या. ब्लॅकस्टोनने स्वतःच्या वह्यांत या गुंतवणुकीची किंमत सुमारे 70 टक्क्यांनी कमी केली. त्या वेळी कोणी एक्झिट मागितली असती तर हा व्यवहार मोठ्या अपयशांच्या यादीत गेला असता.

तो वाचला त्यामागे नशीब होते, पण नुसते नशीब नव्हते. कर्जाच्या अटी सैल होत्या. एबिटडा खाली गेला म्हणून सावकारांना लगेच हिल्टनचा ताबा मागता येईल अशा कडक मर्यादा तिथे नव्हत्या. व्याज तरते होते आणि 2008 च्या अखेरीस अमेरिकेत दर शून्याजवळ आले, त्यामुळे ज्या काळात उत्पन्न आटले त्याच काळात व्याजही हलके झाले. 2010 मध्ये ब्लॅकस्टोनने आणखी सुमारे 80 कोटी डॉलर घातले आणि त्यातून कर्जाचा काही भाग दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच कमी दरात परत विकत घेतला; काही कर्जाचे स्वरूप बदलून घेतले. सगळे मिळून कर्ज सुमारे 2,000 कोटींवरून 1,600 कोटींवर आले. मुक्त रोकडीतून इतके फेडायला बरीच वर्षे गेली असती. सावकार घाबरलेले असताना हातात पैसे असण्याचा हा फायदा होता.

दुसरी गोष्ट धंद्यात झाली. ब्लॅकस्टोनने आणलेले प्रमुख क्रिस नासेटा यांनी मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समधून व्हर्जिनियाला हलवले आणि वाढीचा भर फ्रँचायझी व व्यवस्थापन करारांवर ठेवला. अशा करारात इमारत दुसऱ्याची, तिच्या बांधकामाचा खर्च दुसऱ्याचा, आणि हिल्टनला नाव व आरक्षण-व्यवस्था यांबद्दल फी. 2007 ते 2013 या काळात साखळीतल्या खोल्या एक तृतीयांशाहून अधिक वाढल्या, पण त्यासाठी हिल्टनला स्वतःचे भांडवल फारसे ओतावे लागले नाही. मुक्त रोकडीच्या हिशेबात पाहिले तर एबिटडा वाढला आणि यंत्रे-इमारतींवरचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. कर्जाखाली दबलेल्या कंपनीसाठी याहून चांगली वाढ सापडणे कठीण.

डिसेंबर 2013 मध्ये हिल्टनचे शेअर 20 डॉलर भावाने पुन्हा बाजारात आले. सुमारे 235 कोटी डॉलर उभे राहिले आणि कंपनीच्या वाट्याला आलेला पैसा कर्जफेडीकडे वळवला गेला. ब्लॅकस्टोनची एक्झिट मात्र त्या दिवशी झाली नाही. तिने हिस्सा तुकड्या-तुकड्यांनी विकला. 2016 मध्ये चीनच्या एचएनए समूहाने 25 टक्के हिस्सा 650 कोटी डॉलरला घेण्याचे ठरवले, आणि शेवटचे शेअर 2018 च्या मे महिन्यात गेले. एकूण नफा सुमारे 1,400 कोटी डॉलर, म्हणजे घातलेल्या साधारण साडेसहाशे कोटींचे तिपटीहून अधिक झाले. खाजगी गुंतवणुकीच्या इतिहासात डॉलरच्या हिशेबाने हा सर्वांत मोठ्या नफ्यांपैकी एक. तरी वेळेचा काटा विसरता येत नाही. तिप्पट पैसा पाच वर्षांत झाला तर वर्षाला सुमारे 25 टक्के पडतात. दहा वर्षांत झाला तर साडेअकरा. हिल्टनचा पैसा मधल्या वर्षांत हप्त्याहप्त्याने परत आला म्हणून आकडा त्या खालच्या टोकापेक्षा बरा, पण दरवर्षी 25 टक्के मिळाले असा जो समज आहे तो खरा नाही.

दुसऱ्या टोकाला टॉइज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची साखळी आहे. 2005 मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो यांनी ती सुमारे 660 कोटी डॉलरला घेतली. किमतीचा फार मोठा भाग कर्जाचा होता, आणि त्यापायी कंपनीला वर्षाला साधारण 40 कोटी डॉलर मोजावे लागत. खेळणी हा धंदा नाताळच्या एका मोसमावर चालतो, नफ्याचे प्रमाण कमी, आणि वॉलमार्ट व अ‍ॅमेझॉन यांच्याशी भावात बरोबरी करायची तर दुकाने आणि संकेतस्थळ दोन्हींवर सतत खर्च हवा. व्याज दिल्यावर त्या खर्चाला पैसे उरत नव्हते. सप्टेंबर 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कर्ज सुमारे 500 कोटी डॉलर होते. बारा वर्षे उलटून मुद्दल जवळपास जिथल्या तिथे. 2018 मध्ये अमेरिकेतली सगळी दुकाने बंद झाली आणि तीस हजारांहून अधिक माणसांचे काम गेले. ऑनलाइन खरेदीने ही साखळी मारली असे सहज म्हटले जाते. तो मार पडलाच, पण तो झेलायला लागणारी रोकड आधीच व्याजात जात होती, हे त्याहून महत्त्वाचे. कर्ज वर्षानुवर्षे उतरत नसेल तर ती कंपनी स्पॉन्सरसाठी संपत्ती जमवत नाही. ती फक्त पुढच्या पुनर्वित्तापर्यंत दिवस काढते.

अशी कंपनी बाहेरून ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. पहिली खूण ‘अ‍ॅडजस्टेड’ एबिटडाची. खरेदीच्या वेळी भावी बचत, एकदाच होणारे खर्च, अजून न झालेले फायदे मिळवून हा आकडा फुगवला जातो. आपल्या बाटल्यांच्या कंपनीत 1 कोटीची कागदी बचत मिळवून 10 चे 11 केले, तर पाचपटीने 55 कोटी कर्ज मिळते आणि सावकाराला ते पाचपटच वाटते. खऱ्या एबिटडाच्या ते साडेपाचपट असते. दुसरी खूण यंत्रांवरच्या खर्चाची. तो सलग दोन-तीन वर्षे घसाऱ्यापेक्षा बराच कमी असेल तर मुक्त रोकड चांगली दिसते, पण ती कारखान्याच्या उद्याच्या आयुष्यातून उचललेली असते, आणि एक्झिटच्या वेळी नवा खरेदीदार जुनी यंत्रे पाहून तेवढी रक्कम किमतीतून कापतो. तिसरी खूण, कर्ज कमी व्हायच्या ऐवजी नवे कर्ज काढून त्यातून स्पॉन्सरने लाभांश उचलणे. याने आयआरआर लगेच सुधारतो, कारण पैसा लवकर परत येतो. पण कंपनी पुन्हा पहिल्या दिवसाच्या कर्जावर जाऊन उभी राहते.

भारतात हे चित्र वेगळे दिसते, कारण इथे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बँकांना कंपन्यांचे शेअर विकत घेण्यासाठी कर्ज देण्यापासून दीर्घकाळ बहुतांशी रोखले. शिवाय कंपनी कायदा 2013 च्या कलम 67 नुसार सार्वजनिक कंपनी स्वतःचेच शेअर घेणाऱ्याला आर्थिक मदत करू शकत नाही, म्हणजे लक्ष्य कंपनीची मालमत्ता तारण ठेवून तिचीच खरेदी करण्याचा अमेरिकी मार्ग बंद. त्यामुळे भारतीयांचे गाजलेले व्यवहार परदेशात झाले. 2000 साली टाटा टीने आपल्याहून मोठ्या ब्रिटिश टेटलीला 27.1 कोटी पौंडांना घेतले, तेव्हा मोठा भाग कर्जाचा होता आणि ते टेटलीच्या रोकडीतून फेडायचे होते. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी भारतीय कंपन्यांच्या अधिग्रहणांना बँकांनी कर्ज देण्यासाठी चौकट आणत असल्याचे जाहीर केले. ही वाट उद्योगसमूहांसाठी आहे, पण कर्जावर कंपनी घेण्याचे व्यवहार देशात वाढणार हे नक्की. बँकांनी तेव्हा तारणापेक्षा मुक्त रोकडीचे वर्षावार कोष्टक आधी मागावे, आणि वाईट वर्षाचे कोष्टकही.

महाराष्ट्रातल्या छोट्या गुंतवणूकदाराची गाठ मात्र स्पॉन्सरशी आजच पडते, ती एक्झिटच्या वेळी. फंड बाहेर पडतो तो पुष्कळदा आयपीओतून. जून 2021 मधल्या सोना बीएलडब्ल्यू या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या 5,550 कोटी रुपयांच्या आयपीओत 5,250 कोटी ‘ऑफर फॉर सेल’चे होते, म्हणजे ते ब्लॅकस्टोनच्या गुंतवणूक कंपनीकडे गेले, कंपनीकडे आले फक्त 300 कोटी. त्यात बेकायदा किंवा वावगे काही नव्हते, सगळे पत्रकात छापलेले होते. म्हणून अर्ज भरण्याआधी माहितीपत्रकातले दोन भाग जरूर वाचावेत: पैसा विकणाऱ्याकडे किती आणि कंपनीकडे किती जाणार, आणि मागच्या तीन वर्षांत कंपनीचे कर्ज तिच्या स्वतःच्या रोकडीतून उतरले आहे की नाही.